पाच महिने वापरलं, मग बारा महिन्यांचे पैसे का?

*मी नांदेडला बँकेत नोकरी करते. जूनमध्ये घरी फायबरचं इंटरनेट घेतलं. बारा महिने सोडायचं नाही अशी अट होती, त्याबदल्यात जोडणी फुकट, राऊटर फुकट. महिना ५९९ रुपये. ऑक्टोबरअखेर माझी बदली किनवटला झाली. आता कंपनी म्हणते, उरलेल्या सात महिन्यांचे ४,१९३ रुपये आणि वर कर भरा, नाहीतर वसुलीला माणूस पाठवू. जिमचे वर्षाचे १२,००० एकरकमी भरले होते, महिन्याने घेतलं तर दर १,५०० होता, चारच महिने गेले. ते पावतीवरचं ‘पैसे परत मिळणार नाहीत’ दाखवतात. मिस्टरांच्या डिझाइनच्या कामाचं सॉफ्टवेअरही वर्षाच्या करारावर आहे, तेही बंद करायचंय. मिस्टर म्हणतात, सही केलीस ना, भरून मोकळी हो. ऑफिसातले म्हणतात, नंबर ब्लॉक कर, किनवटपर्यंत कोण येतंय! बदली काही मी मागून घेतली नव्हती. मग हा दंड मला का?*

*— एक वाचक, नांदेड*

ताई, तुमचे मिस्टर आणि ऑफिसातली मंडळी एकमेकांविरुद्ध बोलताहेत असं वाटतं खरं, पण दोघांनीही एकच गोष्ट गृहीत धरली आहे. ४,१९३ हा आकडा म्हणजे एक अख्खा दगड आहे. उचलायचा तर पूर्ण, नाहीतर सोडून द्यायचा. तसं नाही. तो आकडा फोडता येतो. फोडला की त्यातला काही भाग तुम्ही खरोखर देणं लागता आणि काही भाग लागत नाही, हे कागदावर स्पष्ट दिसतं.

आणखी एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती तुम्हाला बोचते आहे. बदली तुमच्या हातात नव्हती हे खरं, पण करार चूक कुणाची हे विचारत नाही. ‘माझा दोष नाही’ एवढ्या एका वाक्यावर भांडायला गेलात तर कॉल सेंटरवरची मुलगी तिच्यासमोरचं ठरलेलं उत्तर वाचेल आणि फोन ठेवेल. तुमची बाजू मजबूत आहे, पण ती आकड्यांत आहे.

जूनमध्ये तुमच्या घरी काय झालं ते आठवा. एक मुलगा शिडी घेऊन आला. खांबावरून वायर ओढली, भिंतीला भोक पाडलं, फायबर जोडलं, डबा बसवला. त्याची मजुरी, वायरचे पैसे, ज्या स्थानिक केबलवाल्याने तुम्हाला गाठून दिलं त्याचं कमिशन, हे सगळं कंपनीने त्या दिवशी घातलं. तुमच्याकडून काहीच घेतलं नाही. ते पैसे बारा महिन्यांच्या बिलांतून थोडे थोडे वसूल होतील असा तिचा हिशेब होता. ‘फुकट’चा अर्थ इतकाच, की खर्च बारा तुकड्यांत लपवला. राऊटर तर तुम्हाला दिलाच नव्हता, वापरायला दिला होता. म्हणजे ‘बारा महिने सोडायचं नाही’ या अटीच्या, लॉक-इनच्या मागे एक खरा खर्च आहे, तो नाकारून चालणार नाही. प्रश्न एवढाच की तो ४,१९३ आहे का.

हे तपासायला मी नेहमी एक तिसरं माणूस उभं करते. समजा, तुमच्याच मजल्यावर, त्याच जूनमध्ये, त्याच वेगाचं इंटरनेट एका शेजारणीने घेतलं, पण कसलीही अट न स्वीकारता. पत्रासोबत तुम्ही जोडलेल्या दरपत्रकात बिनअटीचा दर महिना ७९९ आहे आणि जोडणीचे १,५०० वेगळे आहेत. ती शेजारीण पाच महिन्यांत काय देती? पाच वेळा ७९९ म्हणजे ३,९९५, अधिक १,५००, एकूण ५,४९५ रुपये. तुम्ही पाच वेळा ५९९ दिले, म्हणजे २,९९५. फरक २,५०० रुपयांचा.

या २,५०० कडे नीट बघा. अट मान्य केल्यामुळे तुम्हाला मिळालेली सगळी सवलत त्यात आली, जोडणीसकट. ती पूर्ण परत केली की तुम्ही आणि ती शेजारीण अगदी एका पायरीवर. याच्या वर कंपनी जे मागते ते सवलतीची भरपाई म्हणून समजावता येत नाही. ४,१९३ मधून २,५०० वजा केले तर १,६९३ उरतात, आणि तुमचं भांडण खरं म्हणजे या १,६९३ रुपयांचं आहे. (हे सगळे आकडे कराआधीचे. कर मागून बघू.)

२,५०० ही वरची मर्यादा. खाली अजून एक आकडा बसतो. जोडणीचे १,५०० बारा महिन्यांवर पसरले तर महिन्याला १२५ होतात. पाच महिन्यांचं तुम्ही फेडलंच, सात महिन्यांचं राहिलं, ते ८७५. त्यात पाच महिन्यांत वाचवलेले दरमहा २०० मिळवले की १,८७५ होतात. माझ्या मते १,८७५ ते २,५०० या पट्ट्यात तुमची तडजोड व्हायला हवी. बोलणी १,८७५ पासून सुरू करा.

आता इथे एक गंमत नव्हे, खरा धोका आहे, आणि तुमच्यासारख्या इतर वाचकांनी तो जरूर लक्षात घ्यावा. सवलत परत घेण्याचं गणित महिन्यागणिक वर चढतं. जितके महिने तुम्ही स्वस्तात वापरलं तितकी ‘घेतलेली सवलत’ मोठी. दहाव्या महिन्यानंतर सोडलं तर दहा गुणिले २०० म्हणजे २,००० आणि जोडणीचे १,५००, असे ३,५०० निघतात. पण तेव्हा करार संपायला दोनच महिने राहिलेले असतात आणि ते नुसते भरून टाकले तर १,१९८ मध्ये सुटका होते! म्हणजे दहा महिने प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्याला पाच महिन्यांत सोडणाऱ्यापेक्षा जास्त भुर्दंड. काही करारांत हेच सूत्र लिहिलेलं असतं, ‘दिलेली सर्व सवलत परत घेण्यात येईल’ अशा साध्यासुध्या वाक्यात. म्हणून आधी दोन्ही आकडे काढायचे: उरलेल्या महिन्यांचं बिल किती आणि सवलतीची वसुली किती. तुमच्या दरांनी बघितलं तर सातव्या महिन्यापर्यंत सवलतीची वसुली स्वस्त पडते (सातव्याला २,९०० विरुद्ध २,९९५, जवळजवळ सारखंच), आणि आठव्यापासून उरलेले महिने भरणं स्वस्त. आठव्या महिन्यानंतर कुणी विचारलं तर मी सांगेन, कनेक्शन तोडू नका, घर सोडलं तरी बिल चालू ठेवा आणि मुदत संपली की लेखी बंद करा.

तुम्ही पाचव्याला आहात, म्हणून हे गणित तुमच्या बाजूने आहे.

बिल हातात आल्यावर त्यात काय शोधायचं तेही सांगते. उरलेल्या महिन्यांचे पूर्ण पैसे आणि वर सवलतीची वसुली, अशा दोन्ही ओळी असतील तर तो एकाच गोष्टीचा मोबदला दोनदा घेणं आहे. उरलेले महिने पूर्ण भरले म्हणजे तुम्ही करार पाळलाच की, मग सवलत परत कशाची? राऊटरची किंमत लावली असेल आणि राऊटर तुम्ही परत करणार असाल, तर ती ओळ काढून घ्या. अनामत घेतली होती का बघा, ती वजा झाली पाहिजे. आणि एक सापळा असा की मधे कधी वेग वाढवून घेतला असेल, तर काही कंपन्या त्या दिवसापासून बारा महिने नव्याने मोजतात. तुम्ही वेग बदलल्याचं पत्रात लिहिलेलं नाही, पण ‘लॉक-इन कधी सुरू झाला’ ही तारीख लेखी मागाच. दोन-तीन महिन्यांचा फरक तिथेच पडतो.

कराबद्दल रागावू नका. लवकर बाहेर पडण्याच्या आकारावर १८ टक्के जीएसटी लावणं चुकीचं नाही. ३ ऑगस्ट २०२२ च्या केंद्राच्या परिपत्रकात असं म्हटलंय की मुदतीआधी करार सोडू देणं ही मूळ सेवेलाच जोडलेली सोय आहे आणि मूळ सेवेच्या दराने तिच्यावर कर बसतो. त्यामुळे १,८७५ चे तुमच्या खिशातून २,२१२ रुपये ५० पैसे जातील, २,५०० चे २,९५०. कंपनीच्या मागणीचे मात्र जवळपास ४,९४८ होतात. परत मिळणाऱ्या अनामतीवर किंवा तुम्ही परत केलेल्या राऊटरच्या नावाखाली कर लावला असेल तर तो खोडून घ्या.

आता मिस्टरांच्या ‘सही केलीस ना’बद्दल. सहीला किंमत आहे, पण सहीने काहीही वसूल करता येतं असं आपल्याकडचा कायदा म्हणत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम ७४ आहे. करारात आधीच एखादी रक्कम लिहून ठेवली असली तरी मोडणाऱ्याकडून ‘वाजवी भरपाई’च मिळते, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. थोडक्यात, लिहिलेला आकडा छप्पर आहे, जमीन नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ च्या फतेहचंद खटल्यापासून ते २०१५ च्या कैलाशनाथ खटल्यापर्यंत हे पुन्हा पुन्हा सांगितलंय, आणि २०१५ मध्ये तर स्पष्टच म्हटलं की जिथे तोटाच झालेला नाही तिथे नुसतं करारात लिहिलंय म्हणून भरपाई नाही.

कंपनीचा खरा तोटा सात महिन्यांचं अख्खं बिल असूच शकत नाही. तुम्ही गेल्यावर तुमच्यासाठी डेटा विकत घ्यावा लागणार नाही, स्थानिक केबलवाल्याला तुमच्या बिलातला वाटा द्यावा लागणार नाही, वायर तुटली म्हणून माणूस धाडावा लागणार नाही. आणि ती वायर तर भिंतीत तशीच राहणार. तुमच्या खोल्यांत पुढच्या महिन्यात नवा भाडेकरू येईल, त्याच वायरवर त्याला कनेक्शन मिळेल, आणि जोडणीचा खर्च जवळपास शून्य. करार कायद्याचं कलम ७३ सांगतं की तोटा मोजताना तो कमी करायला काय मार्ग हाताशी होते हेही धरायचं. म्हणून घरमालकांना आजच विचारा की नवीन कोण येतंय. येणाऱ्याला इंटरनेट हवंच असतं. कनेक्शन त्याच्या नावावर करून घ्या, लॉक-इनसकट. बऱ्याच कंपन्या याला तयार होतात, कारण त्यांचा ग्राहक जात नाही. हा मार्ग निघाला तर तुम्हाला काहीच भरावं न लागण्याची शक्यता आहे.

तो नाही निघाला तर दुसरी पायरी. किनवटच्या पत्त्यावर कनेक्शन हलवून द्या अशी लेखी मागणी करा. तुम्हाला नको असलं तरी करा. तिथे त्यांची लाइन असेल तर प्रश्नच मिटला, करार तिकडे चालू राहील. नसेल तर ‘या पत्त्यावर सेवा उपलब्ध नाही’ हे उत्तर लेखी येऊ द्या. त्याने आकार आपोआप माफ होत नाही, पण चित्र बदलतं. तुम्ही सेवा घ्यायला तयार होता, द्यायला ते तयार नव्हते. ग्राहक आयोगासमोर हा कागद फार बोलतो.

मग मेल पाठवा. फोनवर नको. मजकूर असा चालेल:

> माझी किनवट येथे बदली झाली आहे, आदेशाची प्रत जोडली आहे. नवीन पत्त्यावर सेवा उपलब्ध नसल्यास (अमुक) तारखेपासून माझे कनेक्शन बंद करावे. मुदतपूर्व आकार कोणत्या कलमानुसार आणि कोणत्या सूत्राने काढला, लॉक-इन कोणत्या तारखेपासून मोजला, हे लेखी कळवावे. माझ्या हिशेबाने मला मिळालेली सवलत आणि जोडणीचा उरलेला खर्च मिळून १,८७५ रुपये व कर इतके देणे होते. ते भरण्यास मी तयार आहे. राऊटर परत घेण्याची व्यवस्था करून पोच द्यावी.

तारीख लिहिणं फार गरजेचं. नुसतं बिल भरणं थांबवलं तर कनेक्शन बंद होत नाही, ते ‘थकीत’ होतं आणि दर महिन्याला नवं बिल चढत राहतं. ऑफिसातल्या मंडळींचा ‘नंबर ब्लॉक कर’ हा सल्ला इथेच महागात पडतो. वसुलीचा माणूस किनवटला येईल की नाही हा मुद्दाच नाही. सात महिन्यांनी थकबाकी १,८७५ ची नसेल, आणि तोवर ‘मी वाजवी रक्कम द्यायला तयार होते’ हे म्हणायची तुमची जागा गेलेली असेल.

राऊटरचं मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. काही वर्षांपूर्वी परभणीतलं घर सोडताना मी डबा इंटरनेटवाल्यांच्या दुकानात ठेवून आले. ओळखीचा मुलगा होता, ‘राहू द्या मावशी, मी नोंद करतो’ म्हणाला. दोन महिन्यांनी डब्याच्या किमतीचं बिल आलं. तो मुलगा तोवर काम सोडून गेला होता आणि माझ्याकडे चिटोराही नव्हता. पैसे भरले. तुम्ही डब्याच्या खालच्या बाजूच्या सिरियल नंबरचा फोटो काढा, अ‍ॅडॉप्टर आणि वायर सोबत द्या, आणि पोचेवर तो नंबर, तारीख, सही घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

कंपनीने १,८७५ किंवा २,५०० ला होकार दिला तर ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेलं बिल घेऊन भरा. नाही म्हणाली तर तक्रारीचा क्रमांक घ्या आणि त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जा. इंटरनेट कंपन्यांना दोन पायऱ्यांची तक्रार व्यवस्था ठेवणं बंधनकारक आहे, पण दुसरी पायरी असते हे बहुतेकांना माहीतच नसतं. दूरसंचार नियामक ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, म्हणून तिथे वेळ घालवू नका. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांतली बरीच प्रकरणं इथवर येऊनच मिटतात, कारण कंपनीलाही दोन हजारांसाठी कागद वाढवायचे नसतात.

तरीही अडलंच तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथे तक्रार करता येते. किनवटही नांदेड जिल्ह्यातच, त्यामुळे तुमच्यासाठी नांदेडचाच आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. एक बारकावा मात्र सांभाळा. याच कायद्यात ‘अनुचित करार’ अशी वेगळी व्याख्या आहे, आणि झालेल्या तोट्याच्या मानाने अवाच्या सव्वा दंड लावणं हे त्यात नाव घेऊन लिहिलंय. अगदी तुमच्याच प्रश्नाचं वाक्य. पण तेवढ्याच मुद्द्यावर तक्रार करायची तर ती जिल्हा आयोगाकडे नाही, राज्य आयोगाकडे जाते. आपल्याकडे त्याचं फिरतं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला बसतं. दोन-अडीच हजारांसाठी नांदेडहून तिथवर खेपा घालणं कुणालाच परवडणार नाही. म्हणून जिल्ह्यात तक्रार करताना ती सेवेतली त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा अशी मांडावी: सूत्र लेखी सांगितलं नाही, राऊटर परत देऊनही किंमत लावली, एकच रक्कम दोनदा मागितली, जे घडलं असेल ते.

जिमचं दुखणं उलट आहे. इंटरनेटमध्ये पैसे तुमच्या हातात आहेत आणि कंपनी मागते आहे. जिममध्ये पैसे त्यांच्या गल्ल्यात आहेत आणि मागायचंय तुम्हाला. त्यामुळे हिशेब तोच असला तरी जोर कमी पडतो, हे मनाशी धरून चाला.

त्याच शेजारणीला जिममध्ये पाठवा. तुम्ही लिहिलेला महिन्याचा दर १,५०० आहे. चार महिन्यांचे तिने ६,००० दिले असते, म्हणून तुमचे १२,००० मधले ६,००० परत यायला हवेत. वर्षाचे १२,००० सरळ बारांत वाटले तर वापर ४,००० चा आणि परतावा ८,००० चा निघतो, पण ते मागणं मला पूर्ण रास्त वाटत नाही; वर्षाची सवलत तुम्ही वर्षभर राहणार म्हणून होती. आणि इथेही महिन्यांचा घोळ आहेच. आठ महिने झाल्यावर शेजारणीचं गणितही १२,००० वर पोचतं, तेव्हा परत मागण्यासारखं काही उरत नाही. जिम सोडायचं तर लवकर सोडावं.

पावतीवर छापलेल्या ओळीला घाबरू नका, पण तिथूनच भांडण सुरूही करू नका. जिमवाला गावातलाच माणूस असतो, मशीनचे हप्ते आणि ट्रेनरचा पगार त्याला चुकत नाही. सदस्यत्व फ्रीज करून देतो म्हणेल. किनवटला राहून त्याचा तुम्हाला उपयोग नाही. त्याऐवजी उरलेले आठ महिने दुसऱ्याच्या नावावर करून द्या म्हणा. बँकेतली एखादी सहकारी ६,००० ला घेईल, जिमवाल्याच्या खिशातून काही जाणार नाही, नावबदलाचे दोन-चारशे मागितले तर द्या. हे जमलं नाही तरच ६,००० चं लेखी पत्र, आणि मग १९१५. पावती कच्ची असेल तर आधी पक्की मागून घ्या, नाहीतर पुढे काहीच सिद्ध होत नाही.

मिस्टरांच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुधा ‘वर्षाचा करार, महिन्याचा हप्ता’ असा प्रकार असणार. पडद्यावर महिन्याचा आकडा ठळक दिसतो आणि माणसाला वाटतं, महिन्याचंच आहे, कधीही सोडू. उदाहरण म्हणून अ‍ॅडोबीचं बघा. त्यांच्या अशा योजनेत पहिल्या चौदा दिवसांनंतर सोडलं तर उरलेल्या हप्त्यांच्या निम्मे पैसे लागतात. ही अट ग्राहकांपासून झाकून ठेवली जाते असा आरोप करत अमेरिकेच्या न्याय विभागाने तिथल्या व्यापार आयोगाच्या शिफारशीवरून जून २०२४ मध्ये कंपनीवर दावा लावला. निम्म्याचं सूत्र निदान महिन्यागणिक उतरतं. हप्ता २,००० चा धरला तर चार महिन्यांनी ८,००० लागतात आणि दहा महिन्यांनी २,०००. बिनअटीचा दर ३,००० असेल, तर चार महिन्यांत वाचलेली सवलत फक्त ४,००० होते, म्हणजे आकार तिच्या दुप्पट. सहा महिन्यांना दोन्ही आकडे ६,००० वर येऊन मिळतात. मिस्टरांनी आपला कितवा महिना आहे ते आधी पाहावं. सहाच्या अलीकडे असतील तर सॉफ्टवेअर चालू ठेवून कामं उरकून घ्यावीत, किंवा त्याच कंपनीच्या स्वस्त योजनेवर उतरता येतं का विचारावं. बऱ्याचदा योजना बदलायला आकार पडत नाही. मात्र बदलताना वर्ष नव्याने सुरू होत नाही ना, एवढं वाचून घ्यावं.

बँकेच्या अ‍ॅपमधून ऑटो-पेमेंट रद्द केलं की झालं, असं त्यांना वाटू देऊ नका. बँकेत असल्याने तुम्हाला माहीतच आहे, रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते आणि मँडेट कधीही रद्द करता येतं. पण त्याने पैसे जायचे थांबतात, करार संपत नाही. आधी कंपनीच्या खात्यात जाऊन सदस्यत्व रद्द करायचं, त्याची मेल जपायची, मग मँडेट. रद्द करण्याचं बटण चार पानांआड दडवलेलं असेल तर त्या पानांचे फोटो काढून ठेवा. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांत अशा सदस्यत्वाच्या सापळ्याला मनाई आहे. मिस्टरांनी ते सॉफ्टवेअर धंद्यासाठी घेतलंय, त्यामुळे ग्राहक कायद्याचं दार त्यांच्यासाठी तुमच्याइतकं सरळ उघडत नाही, हेही सांगायला हवं. त्यांना जोर लावावा लागेल तो कंपनीशी थेट बोलून.

त्यांच्या कराराचं वर्ष संपण्याची तारीख आजच शोधा आणि तिच्या महिनाभर आधीची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. ती चुकली तर असे करार आपोआप आणखी एका वर्षासाठी पुढे सरकतात, आणि उरलेल्या महिन्यांची मोजणी पुन्हा बारापासून सुरू होते. कनेक्शन बंद करण्याची मेल मात्र त्याच्याही आधी, आज रात्रीच पाठवा. नोव्हेंबरचं बिल निघायच्या आत ती पोचली पाहिजे.